नमुना सोबत जोडला आहे

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाकडून मला एक ईमेल आला. वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि स्मरणिका काढायची होती. तिच्या सुरुवातीला सहाशे शब्दांचे निवेदन हवे होते. वाचनालयाचे एक जुने कार्यवाह, ज्यांना सगळे गाव अण्णा म्हणे, वर्षानुवर्षे वार्षिक अहवाल लिहीत. अण्णा आता नाहीत. नवे निवेदन कार्यकारी मंडळाच्या नावे छापायचे होते, पण वाचताना अण्णांचे वळण जाणवावे अशी मंडळाची इच्छा होती. पत्राच्या शेवटी लिहिले होते: ‘नमुना सोबत जोडला आहे. त्याप्रमाणे लिहून द्यावे. अण्णांची शैली जुन्या वळणाची, भारदस्त पण साधी होती.’

सोबत काहीच नव्हते.

लेखन, संपादन, भाषांतर यांवर पोट असणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग वर्षातून दोन-चारदा तरी भेटतो. तो दिसतो किरकोळ, पण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला असतो. एखाद्याच्या शैलीचे वर्णन हाती आहे आणि शैली मात्र हाती नाही, अशा वेळी काय लिहिता येते? माझे उत्तर असे की फार थोडे. आणि जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला जाते. का, ते या एका कामाच्या आधारे सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे नमुना खरोखर आलाच नाही की आला आणि मला दिसला नाही, हे पाहणे. पाठवणाऱ्याला ‘जोडला होता’ असे मनापासून वाटत असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उगाच कटुता येते. जीमेलमध्ये पत्राच्या मेनूत मूळ संदेश पाहण्याची सोय असते. तिथे पत्राचा कच्चा मजकूर दिसतो. जोडपत्र असेल तर त्यात अशा ओळी सापडतात:

```
Content-Type: multipart/mixed; boundary="..."
Content-Disposition: attachment; filename="namuna.pdf"
```

माझ्या पत्रात फक्त `multipart/alternative` होते. म्हणजे एकच मजकूर दोन रूपांत, साधा आणि सजवलेला, एवढेच त्या पाकिटात होते. फाइल वाटेत हरवली नव्हती, ती कधी निघालीच नव्हती. कारण नंतर कळले, आणि ते फार नेहमीचे आहे. मंडळातल्या एका सदस्याने तो नमुना आधी दुसऱ्या सदस्याला पाठवला होता. दुसऱ्याने त्याच पत्राला ‘उत्तर’ देताना माझा पत्ता घातला. पत्र पुढे ढकलले, म्हणजे फॉरवर्ड केले, की जोडपत्र सोबत जाते. उत्तर दिले की ते मागे राहते. खाली जुना मजकूर दिसत असतो, म्हणून पाठवणाऱ्याला वाटते की सगळे गेले. हे कळले की समोरच्याला ‘तुम्ही विसरलात’ असे न म्हणता ‘कृपया फॉरवर्ड करा’ एवढेच सांगता येते.

उत्तर यायला मध्ये चार दिवस गेले. छपाईची तारीख जवळ होती, आणि त्या चार दिवसांत मी ती चूक केली जी हा लेख लिहिण्याचे कारण आहे. पत्रात वर्णन होतेच: जुन्या वळणाची, भारदस्त पण साधी. खेड्यातला जुना कार्यवाह कसा लिहीत असेल हे मला ठाऊक आहे असे मी धरले आणि सुरुवात केली. पहिले वाक्य असे उतरले:

‘ज्ञानगंगेचा हा पवित्र प्रवाह अखंडितपणे वाहता ठेवण्याचे महत्कार्य आपल्या या वाचनालयाने गेली शंभर वर्षे अत्यंत निष्ठेने केले आहे.’

वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, प्रसंगाला शोभते, कोणी हरकत घेणार नाही. मग हे वाक्य आले कुठून? अण्णांची एक ओळही मी वाचलेली नव्हती. ‘जुन्या वळणाची’ या दोन शब्दांनी माझ्या मनातली शंभर स्मरणिकांची, मानपत्रांची, उद्घाटनाच्या भाषणांची भाषा जागी केली. तो अख्ख्या एका लेखनप्रकाराचा सरासरी आवाज होता. वर्णनावरून लिहिले की हाच आवाज मिळतो, कारण वर्णनाचे शब्द शेकडो लेखकांना सारखेच लागू पडतात. ‘ओघवती’, ‘रसाळ’, ‘साधी’ यांतला कोणता शब्द एकाच माणसाला बांधलेला आहे?

लेखकाचे नाव प्रसिद्ध असले तर काम सोपे होते असे वाटते. ‘पु. लं.च्या शैलीत लिहा’ अशी मागणी आली की नमुन्याची गरज कोणालाच वाटत नाही. पण पु. ल. देशपांडे यांचे कोणते लेखन? व्यक्तिचित्रांचे, प्रवासवर्णनाचे, नाटकातल्या संवादांचे की भाषणाचे? त्याहून मोठी अडचण अशी की आठवणीत राहते ते लेखकाचे ठळक आणि विरळ. एखादी कोटी, एखादी लकब, एखादा खास शब्द. वाचताना तो शब्द चमकला म्हणून आठवला. आणि चमकला, कारण तो क्वचितच येत होता. आठवणीवरून लिहिणारा मात्र तोच शब्द प्रत्येक परिच्छेदात पेरतो. याला आपल्याकडे विडंबन म्हणतात. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये ते जाणूनबुजून आणि समर्थपणे केले. तिथे लकब मोठी करून दाखवणे हाच हेतू होता. वाचनालयाच्या मंडळाला अण्णांचे विडंबन नको होते.

शैली कुठे राहते, या प्रश्नावर एक काम असे आहे की ज्याचा मला रोजच्या कामात उपयोग झाला. अमेरिकेची राज्यघटना राज्यांनी मान्य करावी म्हणून १७८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावाने लेख आले. पुढे ते ‘फेडरलिस्ट पेपर्स’ म्हणून ओळखले गेले. एकूण ८५ लेख. लिहिणारे तिघे: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतल्या १२ लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन दोघांच्याही बाजूने हक्क सांगितला गेला, आणि ते कोणाचे यावर दीडशे वर्षे वाद चालला. फ्रेडरिक मॉस्टेलर हे संख्याशास्त्रज्ञ या वादात उतरले तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने, १९४१ च्या सुमारास, आधी वाक्याची लांबी मोजली. कोणालाही आधी तेच सुचेल. हॅमिल्टनच्या वाक्याची सरासरी निघाली ३४.५५ शब्द आणि मॅडिसनच्या वाक्याची ३४.५९. इतकी मेहनत करून हाती काही लागले नाही. दोघेही त्या काळच्या सुशिक्षितांचे भारदस्त गद्य लिहीत होते आणि वर्णनाने दोघांना वेगळे करणे शक्य नव्हते.

वेगळे केले ते बारक्या शब्दांनी. डग्लस अडेअर या इतिहासकाराच्या लक्षात आले होते की ‘while’ या अर्थी हॅमिल्टन तोच शब्द वापरतो, मॅडिसन ‘whilst’ लिहितो. मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी मग अशा शब्दांची मोजणी पद्धतशीरपणे केली. ‘upon’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो. मॅडिसनकडे तो काही हजार शब्दांत एखाद्या वेळी येतो. १९६४ साली त्यांचे पुस्तक आले आणि त्यात त्यांनी दाखवले की वादातले सगळे १२ लेख मॅडिसनकडे झुकतात.

या कथेत गुन्हेगार पकडल्याचा थरार आहे, पण मला त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते. ज्या शब्दांनी माणूस ओळखला गेला ते शब्द कोणाच्या आठवणीत राहणारे नव्हते. लेखकाचे स्वतःचेही त्यांच्याकडे लक्ष नसते. म्हणूनच ते विषय बदलला तरी बदलत नाहीत. आणि म्हणूनच कोणी कितीही प्रेमाने आणि बारकाईने अण्णांच्या लेखनाचे वर्णन करून पाठवले असते, तरी ‘अण्णा ‘परंतु’ लिहीत नसत, ‘मात्र’ लिहीत’ हे त्या वर्णनात आले नसते. ते फक्त नमुन्यात असते.

तेव्हा नमुना मागायचा. तो कसा मागायचा यावर पुढचे निम्मे काम अवलंबून असते. ‘जोडपत्र मिळाले नाही, पाठवा’ एवढे लिहिले की माणसे एखादे आवडते पान पाठवतात, बहुधा सर्वांत अलंकारिक. म्हणून मी मंडळाला असे लिहिले: ‘पत्रासोबत फाइल आलेली नाही. अण्णांनी स्वतः लिहिलेले तीन अहवाल पूर्ण पाठवावेत, वेगवेगळ्या वर्षांचे. निवडक भाग नको; सुरुवात आणि शेवट हवाच. शक्य तर त्यांच्यानंतरच्या कार्यवाहांचा एक अहवालही पाठवावा. नमुना पोचेपर्यंत मी फक्त आराखडा करून ठेवते.’

तीन पूर्ण अहवाल का, याला हिशेब आहे. ‘upon’चेच उदाहरण घ्या. हजारात तीनदा येणारा शब्द तीनशे शब्दांच्या पानात सरासरी एकदाच यायचा. पण सरासरी म्हणजे दर पानात एक असे नव्हे. हॅमिल्टनचे असे तीनशे शब्दांचे दहा तुकडे काढले तर साधारण चारांत तो शब्द एकदाही नसेल. ज्याच्या हाती नेमका त्यांतलाच एक तुकडा आला, तो म्हणेल की हा लेखक हा शब्द वापरत नाही. एका पानावरून शैली उचलणारा असाच फसतो. मला दीड-दोन हजार शब्द मिळाले तर मी धीराने काम करते. त्याहून कमी असेल तर आपण लेखकाची नव्हे, त्या एका पानाची नक्कल करतो आहोत हे मनाशी धरून चालते.

दुसऱ्या कार्यवाहांचा अहवाल मागितला तो तुलनेसाठी. मॉस्टेलर-वॉलेस यांनाही हॅमिल्टन कळला तो मॅडिसनशेजारी ठेवल्यावर. अहवाल या प्रकाराचीच काही भाषा असते: ‘सादर करताना आनंद होत आहे’, ‘अहवालसालात’, ‘मंडळ आभारी आहे’. एकट्या अण्णांचे कागद पाहिले असते तर हे सगळे मी अण्णांचेच मानले असते.

या टप्प्यावर नमुना कधीच येणार नाही असेही होते. घरात कागद उरलेले नसतात, किंवा पाठवणारा गप्प होतो आणि तारीख जवळ येते. तेव्हा मी एक मार्ग वापरते. शैलीचे विशेषण विचारत नाही. त्याऐवजी एकाच मजकुराचे दोन छोटे आरंभ लिहिते, प्रत्येकी चार-पाच वाक्यांचे, मुद्दाम वेगळे. एकात ‘मी’, आखूड वाक्ये, बोलीतले ‘असं-तसं’. दुसऱ्यात ‘आम्ही’, लांब वाक्ये, ‘असे-तसे’. ते पाठवून विचारते की यांतला कोणता जवळचा वाटतो आणि कोणते वाक्य त्यांनी कधीच लिहिले नसते. माणसाला ओळखीच्या आवाजाचे वर्णन करता येत नाही, पण परका आवाज त्याला लगेच कळतो. ‘छे, अण्णा असले मोठे शब्द घालत नसत’ हे उत्तर मला कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त सांगते. आणि तेही मिळाले नाही तर मजकूर साध्या, बिननावाच्या गद्यात लिहायचा आणि वर स्पष्ट नोंद ठेवायची की हे अमक्याच्या शैलीत लिहिलेले नाही, नमुना मिळालेला नव्हता. अंदाज करून लिहायचे आणि तो अंदाज आहे हे लपवायचे, हे मला अप्रामाणिक वाटते. वाचनालयाला मी ज्ञानगंगेचे वाक्य पाठवले असते तर त्यांनी ते कदाचित छापलेही असते, आणि अण्णांच्या नावावर दुसऱ्याच कोणाचा आवाज गावात राहिला असता.

आणखी एक सापळा सांगण्यासारखा आहे. नमुना नसतो तेव्हा हाती एकच मजकूर असतो, तो म्हणजे मागणीचे पत्र. नकळत त्याचेच वळण लेखणीत शिरते. माझ्या आराखड्यात दोनदा ‘लिहून द्यावे’ धाटणीची वाक्ये आली होती. ती पत्र लिहिणाऱ्या सदस्यांची होती, अण्णांची नव्हे.

पाचव्या दिवशी नमुना आला, आणि उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांची गर्दी दिसली. मराठीत हा ‘नमुना न येण्या’चा दुसरा प्रकार आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाइलमध्ये साठवलेले असते ते रोमन अक्षरच. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असला तरच त्याचा ‘क’ किंवा ‘म’ दिसतो. फॉन्ट नसला की मजकूर समोर असूनही वाचता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने मिळतात, पण शैली पाहायची असेल तेव्हा त्यांच्यावर विसंबू नये. रूपांतरात अनुस्वार आणि रफार गळतात किंवा भलतीकडे जातात. ‘असं’चे ‘अस’ झाले की लेखक बोलीत लिहीत होता की टंकनाची चूक आहे, हे कळेनासे होते. मी छापील अहवालांच्या पानांचे फोटो मागवले. ते स्पष्ट होते.

आता वाचन. खासगी कागद म्हणून अण्णांचा मजकूर मी इथे देत नाही. त्याच वळणाची, तपशील बदललेली वाक्ये मी रचली आहेत:

‘यंदा पाऊस लांबला; वर्गणीही लांबली. तरी पुस्तकांची देवघेव थांबली नाही, हे नमूद करावेसे वाटते. नवी १४२ पुस्तके आली; त्यांपैकी ३१ देणगीदाखल मिळाली. कपाट मात्र एकच. दुसऱ्या कपाटासाठी दोन वर्षे मागणी करीत आहोत. ती याही वर्षी करीत आहोत.’

हे माझ्या ज्ञानगंगेच्या वाक्याशेजारी ठेवा. माझे एक वाक्य १८ शब्दांचे होते. इथे सहा वाक्यांत मिळून ३७ शब्द आहेत. पण लांबी ही वरची गोष्ट झाली, मॉस्टेलर यांना तिने काही दिले नव्हते. आत पाहू. माझ्या वाक्यात ‘पवित्र’, ‘अखंडितपणे’, ‘अत्यंत’, ‘निष्ठेने’ असे शब्द आहेत. काढून टाकले तरी माहिती तेवढीच राहते. अण्णांच्या धर्तीच्या उताऱ्यात विशेषणे आहेत ती ‘नवी’ आणि ‘दुसऱ्या’, आणि दोन्ही काढली तर अर्थ बिघडतो. विशेषणाचे काम तिथे दुसऱ्याच कोणीतरी केले आहे: ‘वर्गणीही’ आणि ‘याही’मधला ‘ही’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘एकच’मधला ‘च’. तक्रार, चिकाटी, थोडे दुखावलेपण, हे सगळे या अक्षरभर शब्दांत आहे. ‘ती याही वर्षी करीत आहोत’ मधला ‘ही’ खोडून पाहा. वाक्य नुसती नोंद होऊन बसते.

‘आम्ही’ कुठेच नाही. ‘करीत आहोत’ या क्रियापदातून कर्ता कळतो, म्हणून सर्वनाम गाळलेले आहे. मराठीत हे करता येते, आणि सगळे लेखक ते सारख्या प्रमाणात करत नाहीत. अण्णांच्या तीन अहवालांत ‘आम्ही’ मला जेमतेम भेटले. त्यांच्यानंतरच्या कार्यवाहांच्या एका अहवालात ते पानोपानी होते. माणूस स्वतःला पुढे करत नाही हे ‘विनम्र’ या शब्दाने सांगता येते खरे, पण लिहिणाऱ्याला त्यातून काहीच करता येत नाही. ‘सर्वनाम गाळा’ यातून करता येते.

अर्धविरामाची खूणही तशीच. अण्णा दोन लहान वाक्ये ‘आणि’ने जोडत नसत, मध्ये अर्धविराम देऊन थांबत. आणि स्वतःचे मत द्यायची वेळ आली की ते क्रियापद वळवून घेत: ‘नमूद करावेसे वाटते’. एका अहवालात एकदा, फार तर दोनदा. तेवढीच त्यांची स्वतःला दिलेली परवानगी होती.

काही खुणा मी मुद्दाम सोडल्या. सर्वांत जुन्या अहवालात ‘नांव’, ‘कांही’ अशी रूपे होती. ती अण्णांची लकब नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नंतरच्या अहवालांत अण्णांनीही ते सोडले होते. नमुन्यात दिसते ते सगळे लेखकाचे नसते. काही काळाचे असते, काही छापखान्याचे, काही त्या लेखनप्रकाराचे. जुनेपणा आणायला ‘कांही’ लिहिले असते तर ते नाटकातल्या पगडीसारखे दिसले असते.

मग मी लिहिले. दुसरा खर्डा असा सुरू होत होता: ‘शंभर वर्षे झाली. इमारत तीच आहे; छप्पर मात्र दोनदा बदलले. पहिल्या वर्षाची पुस्तके आज सापडत नाहीत, पहिल्या वर्षाची नोंदवही मात्र आहे.’ मला तो बरा वाटला. पाठवण्याआधी एक परीक्षा घ्यायची माझी पद्धत आहे. माझे दोन परिच्छेद आणि मूळ लेखकाचे दोन परिच्छेद एकसारखे टंकून, नाव न लिहिता, त्या लेखकाला ओळखणाऱ्या कोणाला तरी द्यायचे आणि मूळचे कोणते ते विचारायचे. वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी अण्णांच्या हाताखाली बरीच वर्षे काम केले होते. त्यांनी कागद हाती घेतला आणि माझे दोन्ही परिच्छेद लगेच बाजूला काढले.

‘कशावरून?’ मी फोनवर विचारले.

‘अहो, हे फार ‘मात्र’ ‘मात्र’ करतात,’ त्या म्हणाल्या. ‘अण्णांचा ‘मात्र’ आला की आम्ही हसायचो, कारण आता ते कोणाला तरी बोलणार हे कळायचं. इतक्यांदा कशाला बोलतील ते?’

मी मोजले. तीन अहवालांत मिळून ‘मात्र’ पानाला साधारण एकदा येत होता. माझ्या सहाशे शब्दांत, म्हणजे दोन पानांत, तो सात वेळा आला होता. लकब मी ओळखली होती, तिचे प्रमाण ओळखले नव्हते. आणि वर दिलेल्या पहिल्या तीन वाक्यांतच तो दोनदा आहे हे मला लिहिताना दिसले नव्हते. नमुना समोर असूनही मी विडंबनाच्या वाटेला लागले होते. शिवाय बाईंच्या सांगण्यात मोजणीत न सापडणारी एक गोष्ट होती. अण्णांचा ‘मात्र’ नुसता विरोध दाखवण्यासाठी येत नसे, तो कोणाकडे तरी बोट दाखवायला येई: नगरपालिकेकडे, थकबाकीदारांकडे, कपाट न देणाऱ्या मंडळाकडे. माझे छप्पर आणि नोंदवही यांच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

तिसऱ्या खर्ड्यात एकच ‘मात्र’ ठेवला. तो कुठे ठेवायचा हे बाईंनाच विचारले. शंभराव्या वर्षीही वाचनालयाची जागा भाड्याचीच आहे हे त्यांनी सांगितले, आणि निवेदनाचे शेवटचे वाक्य तिथे ठरले: ‘पुस्तके आपली झाली, जागा मात्र अजून व्हायची आहे.’